पिक ग्लासवर ५ लिहिलंय, सूत्र ६ सांगतं. मधला एक कुठून येतो?

सायली_सोलापूर
शुक्रवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. मी अकरावी-बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवते, पूर्व भागात घरीच शिकवणी आहे. माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे. प्रकाशशास्त्राचा धडा चालू असताना तो वडिलांची पिक ग्लास घेऊन आला. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. घडी होणारी छोटी धातूची चौकट असते, खाली एक इंचाची चौकोनी खिडकी, वर भिंग. कापडावर ठेवायची आणि खिडकीत किती धागे बसतात ते वरून बघून मोजायचे.

या पिक ग्लासवर ‘५ एक्स’ असं कोरलंय. मुलांनी खिडकीबाहेरच्या इमारतीची प्रतिमा समोरच्या भिंतीवर पाडून भिंगाचं नाभीय अंतर मोजलं, ते ५ सेंटीमीटर आलं. पुस्तकात दोन सूत्रं आहेत. प्रतिमा अनंतावर असेल तर M = D/f, आणि प्रतिमा निकट बिंदूवर असेल तर M = 1 + D/f. D म्हणजे डोळ्याला स्पष्ट दिसण्याचं सगळ्यात जवळचं अंतर, ते २५ सेंटीमीटर धरतात. म्हणजे पहिल्याने ५, दुसऱ्याने ६.

मुलाचा प्रश्न साधा होता: “मॅडम, भिंग तेच, कापड तेच, मग मोठं किती दिसतं, पाचपट की सहापट? आणि सहा मिळत असतील तर कंपनीने पाच का लिहिलं?”

दोन्ही सूत्रं मी फळ्यावर सिद्ध करून दाखवू शकते. पण तो जो एक जास्तीचा येतो तो नेमका कशामुळे, हे आकृतीशिवाय, चार वाक्यांत त्याला कळेल असं सांगायचंय. आणि प्रत्यक्ष पिक ग्लासमधून बघताना आपण यातल्या कुठल्या सूत्रात असतो?

---

जुना_मागवाला
शुक्रवार, रात्री ९:४२

ताई, तीस-पस्तीस वर्षं पिक ग्लास वापरतोय, म्हणून सांगतो, काही काळजी करू नका. पाचचं भिंग असो की दहाचं, पिक तेवढेच येतात. खिडकी कापडावर टेकलेली असते. भिंगातून कापड मोठं दिसतं तशी खिडकीही तेवढीच मोठी दिसते. इंचात चाळीस धागे असतील तर चाळीसच मोजाल. आमच्याकडे नवीन पोरगं कामाला आलं की त्याला हीच शंका येते, की भिंग बदललं तर हिशेब बदलेल का. नाही बदलत. ग्राहकाने दुसऱ्या भिंगाने मोजलं तरी तक्रार यायचं कारण नाही.

मोठं भिंग घेतलं तर बारीक सुताला बरं पडतं, एवढाच फरक. पण खिडकी लहान होते, आणि मग अर्ध्या इंचात मोजून दुप्पट करावं लागतं.

---

सायली_सोलापूर
शुक्रवार, रात्री ९:५५

काका, हा मुद्दा मी उद्या मुलांना नक्की सांगणार आहे, मोजणी विशालनावर अवलंबून नाही हे फार छान उदाहरण आहे. पण माझा प्रश्न मोजणीचा नाही. धागा डोळ्याला किती मोठा दिसतो, त्याचा आहे.

---

अभिजीत_जेईई
शुक्रवार, रात्री १०:२०

मॅडम, हे अगदी सोपं आहे. 1 + D/f हे कमाल विशालन आणि D/f हे किमान. निकट बिंदूवर प्रतिमा जवळ असते म्हणून ती जास्त मोठी दिसते. अनंतावर डोळ्याला आराम मिळतो म्हणून थोडं विशालन सोडून द्यायचं. परीक्षेत ‘शिथिल डोळा’ असं आलं की D/f लावायचं, नाहीतर प्लस वन. कंपनीने पाच लिहिलं कारण कमीत कमी तेवढं तरी मिळेलच.

एक गोष्ट मात्र मलाही नीट पटलेली नाही. वस्तू बरोबर नाभीवर ठेवली की प्रतिमेचं रेषीय विशालन अनंत होतं. मग दिसताना ती पाचपटच का दिसते?

---

किरणरेषा
शुक्रवार, रात्री ११:३०

धागा आवडला, म्हणून सविस्तर लिहिते. मी सोलापुरातच महाविद्यालयात प्रकाशशास्त्र शिकवत होते, आता निवृत्त आहे.

अभिजीत, तुझ्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, बाकी सगळं त्यातूनच निघतं. प्रतिमा कितीपट मोठी आहे याच्याशी डोळ्याला काही देणंघेणं नसतं. डोळ्याला कोन कळतो. प्रतिमा अनंतपट मोठी झाली, पण त्याच हिशेबात ती अनंत लांबही गेली. उंची भागिले अंतर केलं की जे उरतं ते मर्यादितच असतं.

हा कोन काढायला भिंगाच्या मध्यातून जाणारा एकच किरण पुरतो, कारण तो वळत नाही. डोळा भिंगाला चिकटून आहे असं धरू. मग धाग्याने डोळ्याशी केलेला कोन म्हणजे धाग्याची जाडी भागिले धाग्याचं भिंगापासूनचं अंतर. बस. भिंगाने या कोनात काहीच भर घातलेली नाही! भिंग नसतं आणि धागा तेवढ्याच अंतरावर धरला असता, तरी कोन तेवढाच झाला असता. फक्त तो धूसर दिसला असता, कारण ५ सेंटीमीटरवरची वस्तू आपला डोळा स्पष्ट पाहू शकत नाही. साध्या भिंगाचं खरं काम एवढंच, की ते वस्तू डोळ्याच्या खूप जवळ आणूनही स्पष्ट पाहू देतं.

आता आकडे. भिंगाशिवाय धागा २५ सेंटीमीटरवर धरावा लागतो. भिंग लावून तो ५ सेंटीमीटरवर आणला, तर कोन पाचपट. हे झालं D/f. पण तरुण डोळा यापुढेही जाऊ शकतो. धागा आणखी थोडा आत, ४.१७ सेंटीमीटरवर आणला तर प्रतिमा अनंतावरून सरकत २५ सेंटीमीटरवर येते आणि डोळ्याने ताण दिला तर ती स्पष्ट दिसते. २५ ला ४.१७ ने भागलं की ६. पाच आणि सहा यांतला सगळा फरक धागा सव्वाआठ मिलिमीटरच्या आसपास जवळ आणल्याचा आहे.

---

अभिजीत_जेईई
शनिवार, सकाळी ७:०५

काकू, रेषीय विशालनाचं कळलं. म्हणजे प्रतिमा जवळ आली म्हणून ती मोठी दिसत नाही, वस्तू जवळ आली म्हणून मोठी दिसते. हे भारी आहे. पण माझं बाकीचं बरोबरच आहे ना? कमाल सहा, किमान पाच.

---

ऑप्टो_मृणाल
शनिवार, सकाळी ८:१५

मी मूळची सोलापूरची, आता पुण्यात डोळे तपासण्याचंच काम करते. सायलीताई, तुमच्या ‘एक कुठून येतो’ला आमच्या कामातलं उत्तर देते, ते मुलांना पटकन कळेल.

आम्ही सगळं डायॉप्टरमध्ये मोजतो, म्हणजे १०० भागिले सेंटीमीटरमधलं नाभीय अंतर. ५ सेंटीमीटरचं भिंग म्हणजे २० डायॉप्टर. आणि अनंतावर बघणारा डोळा जेव्हा २५ सेंटीमीटरवर येऊन जुळतो तेव्हा तो स्वतःच्या शक्तीत ४ डायॉप्टरची भर घालतो. हीच ती समायोजन शक्ती. डोळा भिंगाला चिकटलेला असेल तर या दोन्ही शक्तींची सरळ बेरीज होते. २० अधिक ४, भागिले ४. उत्तर ६. डोळ्याने जोर लावलाच नाही तर २० भागिले ४. उत्तर ५.

म्हणजे पाच भिंगाचे आणि एक डोळ्याचा. म्हणूनच तो प्रत्येक भिंगाला एकच असतो. १० सेंटीमीटरचं भिंग घ्या, अडीच होतात की साडेतीन. अडीच सेंटीमीटरचं घ्या, दहा होतात की अकरा. भिंग काढून टाका, तर शून्याचा एक होतो, म्हणजे नुसत्या डोळ्याने २५ सेंटीमीटरवर बघणं. तोच आपला तुलनेचा पाया.

विकणारे काही ठिकाणी डायॉप्टर भागिले ४ असं छापतात, काही ठिकाणी त्यात एक मिळवून छापतात. वाचनाच्या मोठ्या भिंगांवर एक मिळवलेला आकडा बऱ्याचदा दिसतो. ८ डायॉप्टरचं भिंग एकाच्या डब्यावर दोनपट आणि दुसऱ्याच्या डब्यावर तीनपट असू शकतं. दोघेही खोटं बोलत नसतात. तुमच्या पिक ग्लासवाल्याने पहिली रीत धरली आहे.

---

घड्याळजी_नवी_पेठ
शनिवार, दुपारी १:४०

मृणालताईंनी लिहिलेलं वाचून विचारतो. माझं नवी पेठेत घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे, वय एकसष्ट. डोळ्यात अडकवायचं दहाचं भिंग वापरतो. लांबचं मला बिनचष्म्याचं व्यवस्थित दिसतं, वाचायला चष्मा लागतो. मुलगाही दुकानात बसतो, वय सव्वीस. आम्ही दोघं एकच भिंग आलटून पालटून वापरतो. तो पुर्जा भिंगाच्या अगदी जवळ धरतो. मी तसा धरला तर मला सगळं धूसर होतं, थोडा लांब नेला की लख्ख दिसतं. इतकी वर्षं मला वाटायचं माझी नजर गेली म्हणून असं होतं, आता भिंग बदलायला हवं. पण लख्ख तर दिसतंय. मग मला त्याच्यापेक्षा लहान दिसतं का?

---

ऑप्टो_मृणाल
शनिवार, दुपारी ३:०५

काका, भिंग बदलू नका, तुम्ही अगदी बरोबर वापरताय. साठीनंतर डोळ्याची समायोजन शक्ती जवळजवळ संपलेली असते. त्यामुळे तुमच्यासाठी एकच जागा उरते, पुर्जा बरोबर नाभीवर. तिथे प्रतिमा अनंतावर जाते आणि लांबचं चांगलं बघणारा तुमचा डोळा ती आरामात पाहतो. दहाच्या भिंगाचं नाभीय अंतर अडीच सेंटीमीटर धरलं तर तुमचा पुर्जा अडीचवर असतो आणि मुलाचा फार तर २.२७ वर. दोन-सव्वादोन मिलिमीटरचा फरक. तुम्हाला दहापट दिसतं, त्याला जास्तीत जास्त अकरापट. दहा टक्क्यांचा फरक, आणि त्यासाठी तो दिवसभर डोळ्याचे स्नायू आवळून बसतो. त्याला सांगा, पुर्जा थोडा लांब धरून बघ, संध्याकाळी डोकं कमी दुखेल.

आणखी एक गोष्ट. दहापट म्हणजे तरुण डोळ्याच्या २५ सेंटीमीटरशी तुलना. तुमचा स्वतःचा निकट बिंदू आता मीटरभर लांब असेल. बिनचष्म्याचं तुम्हाला जे स्पष्ट दिसतं त्याच्याशी तुलना केली तर हे भिंग तुम्हाला चाळीसपट फायदा देतंय. माझ्या मते पेशंटला सांगताना हाच आकडा सांगावा, त्याच्या आयुष्यात तोच फरक पडतो.

---

किरणरेषा
शनिवार, सायंकाळी ५:२०

मृणाल, बेरजेची रीत सुरेख. पण चाळीसच्या आकड्याला माझा विरोध आहे. २५ सेंटीमीटर हा कुणाच्याही डोळ्याचा आकडा म्हणून घेतलेला नाही, ती ठरवून घेतलेली मोजपट्टी आहे. ती पक्की आहे म्हणून ‘१०’ हा आकडा भिंगाचा गुण ठरतो. माणसागणिक D बदलायला लागलो तर एकाच भिंगावर घड्याळजी ४० लिहितील आणि त्यांचा मुलगा १०. पुर्जाचे बारीक दाते त्यांना चाळीसपट तपशिलाने तर दिसणार नाहीत, डोळ्याशी होणारा कोन दहापटीचाच आहे.

आता अभिजीतच्या ‘कमाल सहा, किमान पाच’कडे येते. हे डोळा भिंगाला चिकटला असेल तरच खरं. सायलीच्या पिक ग्लासचं उत्तर नेमकं इथे आहे.

डोळा भिंगापासून १० सेंटीमीटर मागे घे. टेबलावर कापड ठेवून वाकून बघताना एवढं अंतर सहज असतं. आता प्रतिमा निकट बिंदूवर हवी, म्हणजे डोळ्यापासून २५ वर, म्हणजे भिंगापासून १५ वर. ५ सेंटीमीटरच्या भिंगाने प्रतिमा १५ वर पाडायची तर वस्तू ३.७५ वर ठेवावी लागते. १५ भागिले ३.७५, प्रतिमा चौपट मोठी. आणि ती २५ सेंटीमीटरवरच आहे, म्हणून कोनीय विशालन ४. सहा नाही, पाचही नाही. डोळ्याला पूर्ण ताण देऊन तू अनंतावरच्या प्रतिमेपेक्षा कमी मिळवलंस.

डोळा भिंगापासून a अंतरावर असेल तर निकट बिंदूचं सूत्र असं होतं:

M = 1 + (D − a)/f

a शून्य असेल तर पुस्तकातलं सहा. a बरोबर ५, म्हणजे डोळा दुसऱ्या नाभीवर, तर पाच, अनंतावर मिळतात तेवढेच. त्याच्याही मागे गेलं की निकट बिंदूची मांडणी हरते.

उलट प्रतिमा अनंतावर असताना a ने काहीही फरक पडत नाही. धाग्याच्या एका टोकाकडून निघालेले सगळे किरण भिंगातून समांतर बाहेर पडतात, दुसऱ्या टोकाकडचेही समांतर, आणि या दोन जुड्यांमधला कोन पुढे कितीही लांब गेलात तरी तोच राहतो. डोळा मागे नेला तर दिसणारा भाग आक्रसतो, धाग्याची जाडी तेवढीच राहते.

आता पिक ग्लास बनवणाऱ्याचा विचार करा. त्याने चौकटीची उंची पक्की ठेवली आहे. कुणाचा डोळा जवळ असेल, कुणाचा लांब, कुणी विशीतला, कुणी साठीचा. सगळ्यांना कापड स्पष्ट दिसायला हवं. त्याच्यापुढे एकच वाट उरते, कापड नाभीजवळ ठेवायचं. मग कोरायचा आकडाही पाचच.

---

जुना_मागवाला
शनिवार, रात्री ८:१५

हे मात्र पटलं बघा. आमच्याकडे तपासणीला बसणारी माणसं कुणी वाकून डोळा लावतं, कुणी सरळ बसून वरून बघतं. धागा सगळ्यांना सारखाच दिसतो, फक्त वरून बघणाऱ्याला पूर्ण खिडकी एकदम दिसत नाही, मान हलवत मोजावं लागतं आणि मग एखादा पिक निसटतो. म्हणून मी म्हणतो डोळा टेकवूनच मोजा. कारण आज कळलं.

---

अभिजीत_जेईई
शनिवार, रात्री ९:००

a वालं सूत्र आमच्या नोट्समध्ये नाही, पण काढून बघितलं, येतंय. तरी पेपरात a दिलेला नसेल तर डोळा भिंगाला चिकटलेलाच धरायचा, नाही का? आणि कमाल विचारलं तर 1 + D/f हेच लिहायचं.

---

सायली_सोलापूर
शनिवार, रात्री ९:२५

अभिजीत, हो, पेपरात तसंच धरतात. पण कारण माहीत असू दे.

काकू, मुलांना हे हाताने दाखवता येईल का? डोळा अनंतावर बघतोय की २५ वर, हे बघणाऱ्याला स्वतःला कसं कळणार? मी स्वतः पिक ग्लासमधून बघितलं, पण पाच की सहा हे नुसतं बघून मला सांगता येईना.

---

किरणरेषा
रविवार, सकाळी १०:१०

येईल, आणि महागडं काही लागत नाही. दोन्ही डोळे उघडे ठेवायचे. एका डोळ्याने भिंगातून बघायचं, दुसऱ्याने बाहेरची मोजपट्टी. मेंदू दोन्ही चित्रं एकावर एक ठेवतो. सुरुवातीला एक चित्र विझतं, थोड्या सवयीने जमतं.

अनंताच्या मांडणीसाठी मोजपट्टी लांब हवी. दोन्ही डोळे एकत्रच जुळतात, त्यामुळे दुसरा डोळा २५ सेंटीमीटरवरच्या पट्टीकडे लावलात तर भिंगातला डोळाही नकळत २५ वर येईल आणि प्रयोग फसेल. म्हणून भिंतीवर बरोबर एक मीटर अंतराने खडूच्या दोन उभ्या रेघा मारा आणि भिंतीपासून पाच मीटरवर उभे राहा. पिक ग्लासच्या खिडकीला पारदर्शक प्लास्टिकची पट्टी लावा आणि ती उजेडाकडे धरून बघा. विशालन पाच असेल तर पट्टीवरचा एक सेंटीमीटर दोन रेघांच्या मध्ये बरोबर बसेल. हिशेब असा: ५ सेंटीमीटरवरचा एक सेंटीमीटर आणि पाच मीटरवरचा एक मीटर, दोघांचा कोन एकच, एकास पाच. पाच मीटर म्हणजे अगदी अनंत नव्हे, पण त्यामुळे चूक शेकडा एकचीच येते.

निकट बिंदूसाठी चौकटीचा पाया दुमडून ठेवा, भिंग डोळ्याला जितकं चिकटेल तितकं चिकटवा, पारदर्शक पट्टी हातात धरून पुढे-मागे करा आणि दुसऱ्या डोळ्यासमोर २५ सेंटीमीटरवर साधी फूटपट्टी धरा. भिंगातला एक सेंटीमीटर त्या फूटपट्टीचे किती सेंटीमीटर झाकतो ते वाचा. तेच विशालन.

आणि डोळा कुठे बघतोय हे नुसतं ओळखायचं असेल, तर डोकं हळूहळू मागे न्या, भिंग आणि वस्तू न हलवता. आकार तसाच राहिला तर वस्तू नाभीवर आहे. लहान होत गेला तर वस्तू नाभीच्या आत आहे.

---

सायली_सोलापूर
मंगळवार, रात्री ८:५०

आज शिकवणीत केलं. भिंत लहान पडत होती, म्हणून गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर रेघा मारल्या. बहुतेक मुलांना एक सेंटीमीटर दोन रेघांत जवळजवळ बरोबर बसलेला दिसला. दोघा-तिघांना दोन चित्रं एकत्र बघणं जमलंच नाही. डोकं मागे नेल्यावर आकार बदलत नाही हे मात्र सगळ्यांना दिसलं, आणि सगळ्यात जास्त आश्चर्य त्याचंच वाटलं.

निकट बिंदूच्या प्रयोगात मात्र सहा कुणालाच आले नाहीत. साडेपाच ते पावणेसहाच्या मध्ये येत होतं. चष्मा लावणाऱ्या मुलीला जेमतेम साडेपाच. मोजताना काही चुकतंय का?

---

ऑप्टो_मृणाल
मंगळवार, रात्री ९:३०

चुकत नाहीये, तुमची मोजणी फार छान आली आहे. भिंग कितीही चिकटवलं तरी पापण्या आणि चौकटीची कड मध्ये येते. दीड सेंटीमीटर अंतर राहतंच. किरणरेषा काकूंच्या सूत्रात a दीड घाला: २५ वजा दीड, साडेतेवीस, भागिले ५, अधिक एक. ५.७. चष्म्यावरून बघितलं की अंतर अडीचच्या आसपास जातं, तिथे ५.५ येतं. पुस्तकातला सहा हा a शून्य धरून आलेला आकडा आहे, डोळा असलेल्या माणसाला तो मिळत नाही.

---

अभिजीत_जेईई
मंगळवार, रात्री ९:४५

म्हणजे कमाल सहा हेही फक्त कागदावर. मी उद्या माझ्या क्लासमध्ये विचारतो, a दिलेला नसताना उत्तराला ‘डोळा भिंगालगत आहे असे गृहीत धरून’ असं लिहिलं तर मार्क कापतात का.

---

घड्याळजी_नवी_पेठ
मंगळवार, रात्री १०:१०

मुलाला पुर्जा लांब धरायला सांगितलंय. तो म्हणतो लहान दिसतं. मी म्हटलं एक दशांशाने लहान दिसतं, एवढंच. आठवडाभर करून बघतो म्हणाला.

किरणरेषा ताई, तुमचं दहा मला कळलं, मृणालताईंचं चाळीसही कळलं. पण दुकानात गिऱ्हाईक विचारतं तेव्हा मला मृणालताईंचंच बरोबर वाटतं. ज्याला बिनचष्म्याचं काटा दिसत नाही, त्याला भिंगाने काटा दिसायला लागला, तर त्याच्यासाठी तो फरक दहाचा नाही.

---

किरणरेषा
मंगळवार, रात्री १०:४०

त्याच्यासाठी नाही, हे मान्य. पण भिंगावर काय कोरायचं हा प्रश्न वेगळा, आणि तिथे मी २५ सोडणार नाही. मृणालला मी पटवू शकेन असं दिसत नाही.

---

सायली_सोलापूर
बुधवार, सकाळी ७:३०

एक शेवटचं. त्याच विद्यार्थ्याच्या वडिलांकडे दुसरी एक लहान पिक ग्लास आहे, बारीक सुतासाठी. तिच्यावर ‘१० एक्स’ आहे. मुलांनी नाभीय अंतर मोजलं तर २.८ सेंटीमीटर आलं. २५ भागिले २.८ म्हणजे ८.९. एक मिळवला तर ९.९. म्हणजे इथे कंपनीने डोळ्याचा एक धरूनच दहा कोरले असं समजायचं का?

---

किरणरेषा
बुधवार, सकाळी ९:१५

शक्य आहे, पण २.८ वर विसंबून नको ठरवू. लहान भिंग त्याच्या नाभीय अंतराच्या मानाने जाड असतं, कधी दोन भिंगं एकत्र बसवलेली असतात. भिंगाच्या नेमक्या कुठल्या पातळीपासून मोजायचं हे बाहेरून कळत नाही, आणि दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे झाले की नऊ आणि दहा यांतला निकालच फिरतो. ५ सेंटीमीटरच्या भिंगाला एवढं जाणवलं नाही, इथे जाणवणार.

भिंतीच्या प्रयोगात नाभीय अंतर लागतच नाही. त्याच दोन रेघा, तेच पाच मीटर. फक्त या वेळी पट्टीवरचे पाच मिलिमीटर बघायचे. शिथिल डोळ्याने खरंच दहा मिळत असतील तर ते एक मीटर भरतील. ९० सेंटीमीटरच भरले तर एक मिळवून कोरलंय.

---

सायली_सोलापूर
गुरुवार, रात्री ८:२०

पाच मिलिमीटर रेघांच्या थोडे आत राहतात. दोन्ही बाजूंना मिळून वीतभर नाही, पण चार बोटांपेक्षा जास्त जागा उरते. म्हणजे नव्वदच्या आसपास. मोठ्या ग्लासवरचा पाच आणि छोटीवरचा दहा एकाच रीतीने कोरलेले दिसत नाहीत. कोरीव अक्षरं वेगळी आहेत, बहुधा दोन वेगळ्या ठिकाणची असावीत, वडिलांनाही आठवत नाही कुठून घेतली.

---

जुना_मागवाला
गुरुवार, रात्री ९:००

माझ्याकडे तीन आहेत, तिन्हींवर दहा आहे. रविवारी गोडाऊनच्या भिंतीवर रेघा मारून बघतो आणि आकडे इथेच टाकतो.